आधी आसन, मग भिंग
महाराष्ट्रातील दंतमहाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांस खुले पत्र

सन्माननीय अधिष्ठाता महोदय व महोदया यांस,



आपल्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ज्या दिवशी कृत्रिम दातावर प्रथमच हँडपीस चालवतो, त्या एका दिवसाविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे. दात कोरताना त्याचा हात स्थिर राहावा, पोकळीच्या भिंती सरळ याव्यात, तळ सपाट व्हावा, या गोष्टींकडे त्या दिवशी आपले अध्यापक बारकाईने लक्ष देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वेळी त्या विद्यार्थ्याची मान किती वाकली आहे, कोपर कमरेपासून किती दूर गेले आहे आणि तो बसलेला स्टूल त्याच्या उंचीला साजेसा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी प्रत्यक्षात सहसा कोणत्याच खात्याकडे सोपवलेली नसते. अनेक ठिकाणी तर तो कृत्रिम जबडा टेबलावर नुसता हातात धरून दात कोरण्याचा प्रघात अजून चालू आहे. त्यामुळे पुढे रुग्णाच्या तोंडात जे काम करावयाचे, त्याची पहिली सवय शरीराला मान छातीशी नेऊन बसण्याची लागते, आणि हाताचे कौशल्य व मानेची वक्रता ही दोन्ही एकाच वेळी, एकाच सरावातून पक्की होतात. मी मानद अध्यापक म्हणून वर्गात आणि दंतवैद्य म्हणून दवाखान्यात दीर्घकाळ काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे या पहिल्या दिवसासंबंधी एक निश्चित तजवीज करावी, अशी विनंती मी करीत आहे.

दंतवैद्यांची मानदुखी आणि पाठदुखी ही काही तक्रारखोर व्यक्तींची मामुली कुरकुर नव्हे. या विषयावरील जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात निरनिराळ्या पाहण्यांतून दंतव्यावसायिकांपैकी शेकडा ६४ पासून शेकडा ९३ पर्यंत लोकांना स्नायू व अस्थिसंस्थेची वेदना असल्याचे आढळले होते. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. मुखविवर लहान, काळोखे आणि ओले असते, त्यात कामाचा बिंदू मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो, आणि डोळा त्या बिंदूकडे जाऊ लागला की मान, खांदे व कंबर त्याच्या पाठोपाठ निमूटपणे जातात. शिवाय हे वाकणे क्षणभराचे नसते. तेथे मानेचे व पाठीचे स्नायू हालचाल न करता तासन् तास आकुंचित राहतात, त्यांच्यातील रक्ताभिसरण मंदावते, आणि सायंकाळी जो ताठरपणा जाणवतो त्याचे मूळ या स्थिर श्रमात असते. १९५८ साली अमेरिकेत पूर्ण आडवी होणारी डेंटल चेअर प्रचारात आली, आणि त्यानंतरच्या काळात उभ्याने काम करणारा दंतवैद्य हळूहळू बसून काम करू लागला. त्याच्या पायांना विसावा मिळाला, परंतु खुर्ची आडवी झाली तरी बसण्याची रीत क्वचितच शिकवली गेली, म्हणून पायांवरचा भार मान आणि कंबर यांच्यावर सरकला.

मानेवर पडणाऱ्या भाराची कल्पना यावी म्हणून एकच दाखला देतो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिकृतीच्या आधारे असा हिशेब मांडला की, सरळ असताना सुमारे ५ किलो वजनाचे मस्तक १५ अंश पुढे झुकले की मानेच्या मणक्यांवर सुमारे १२ किलोंचा, ३० अंशांवर सुमारे १८ किलोंचा आणि ४५ अंशांवर सुमारे २२ किलोंचा भार पडतो. हे आकडे प्रत्यक्ष मोजमापाचे नसून प्रतिकृतीचे आहेत, म्हणून त्यांना शेवटचा शब्द मानू नये. पण त्यांतील चढण कोणत्या दिशेची आहे याविषयी संशय नाही, आणि दंतवैद्याची मान पहिल्या वीस अंशांच्या आत ठेवावी हा जो सर्वसाधारण नियम मानला जातो, त्यामागील तर्कही त्यातून स्पष्ट होतो.

अलीकडे या व्याधीवर उपाय म्हणून लूप्सचे, म्हणजे चष्म्याच्या चौकटीत बसवलेल्या विशालक भिंगांचे, नाव पुढे येते, आणि आमचे पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्या वेतनातून ती घेतात. लूप्सविरुद्ध मला काहीही म्हणावयाचे नाही, उलट योग्य मापाची लूप्स मी अत्यावश्यक समजतो. परंतु लूप्स स्वतः आसन सुधारत नाहीत, ज्या आसनात त्यांचे माप घेतले ते आसन त्या कायम करतात, आणि माझ्या या साऱ्या निवेदनाचा गाभा हाच आहे. लूप्समधून दिसणारी प्रतिमा एका ठरावीक अंतरावरच स्पष्ट असते. त्या अंतराच्या थोडे अलीकडे वा पलीकडे ती टिकते, त्याहून पुढे वा मागे गेले की धूसर होते. याचा परिणाम असा की, ताठ बसून माप घेतलेल्या लूप्स वापरणारा दंतवैद्य वाकू लागला की प्रतिमा बिघडते आणि तो आपोआप मागे येतो. उलट वाकून बसलेल्या स्थितीत माप घेतले असेल, तर ताठ बसताच प्रतिमा बिघडते आणि तो पुन्हा वाकतो. एकच साधन पहिल्याचे रक्षण करते आणि दुसऱ्याला दिवसभर त्याच्या चुकीत डांबून ठेवते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. माझी एक माजी विद्यार्थिनी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. तिची उंची ५ फूट १ इंच. दिवसाचा बराच भाग दाढांच्या रूट कॅनलमध्ये जातो, कारण त्या परिसरात हे काम करणारे थोडे आहेत. उजव्या बाजूला मान व पाठीचे खवटे यांच्या मध्ये तिला सतत दुखू लागले, रात्री कूस बदलताना जाग येऊ लागली, तेव्हा तिने लूप्स घेतल्या, आणि त्यानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. मी तिच्या दवाखान्यात गेलो. सहायिकेला मी एकच काम सांगितले : रूट कॅनल चालू झाल्यावर वीस मिनिटांनी, कोणालाही न सांगता, बाजूने एक छायाचित्र घ्यावे. आरंभी प्रत्येकजण नीट बसतो, म्हणून वीस मिनिटे. त्या छायाचित्रावर कानाच्या छिद्रातून एक उभी रेषा काढली असता ती खांद्याच्या टोकाच्या बरीच पुढे पडली. मान सुमारे ३० अंश आणि धड सुमारे १० अंश पुढे झुकलेले होते.

यामागे कारणांची एक साखळी होती. तिचा स्टूल बाजारातील सर्वसामान्य उंचीचा होता आणि सर्वांत खाली आणला तरी आसन जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर राही. तिच्या गुडघ्यामागची उंची, पादत्राणांसह, ४१ सेंटिमीटर होती. मांड्या पुढे किंचित उतरत्या राहाव्यात, म्हणजे धड आणि मांडी यांतील कोन काटकोनापेक्षा मोठा, सुमारे ११० अंशांचा, व्हावा आणि कमरेचा नैसर्गिक बाक टिकावा, यासाठी आसन गुडघ्यामागच्या उंचीपेक्षा थोडेच वर असावे लागते, आणि तिच्या बाबतीत ते ४५ सेंटिमीटरच्या आसपास येई. ५० सेंटिमीटरवर तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नसत, म्हणून ती स्टूलच्या कडेवर बसे. कडेवर बसल्याने पाठीचा टेकू सुटे, कटिबंध मागे ढळे, कमरेचा बाक सपाट होई, आणि वरचे धड पुढे घसरे. स्टूल उंच असल्यामुळे रुग्णाची खुर्चीही उंच घ्यावी लागे, नाहीतर त्या खुर्चीचा मागचा भाग तिच्या मांड्यांना अडे. खुर्ची उंच झाली की कोपरे वर जात, खांदे उचलले जात, आणि मानेचा वरचा स्नायू दिवसभर आवळलेला राही. अशा स्थितीत विक्रेत्याच्या प्रतिनिधीने डोळ्यापासून दातापर्यंतचे अंतर मोजले, ते ३३ सेंटिमीटर आले, आणि त्याच अंतराची लूप्स बनून आली.

आता सुधारणेचा क्रम पाहावा, कारण तो उलटा केला तर सारे श्रम फुकट जातात. पहिला दंतवैद्याचा स्टूल, दुसरे रुग्णाचे मस्तक, तिसरा प्रकाश व आरसा, आणि सर्वांत शेवटी लूप्स.

स्टूलसाठी कमी उंचीची नळी मिळते. ती बसवून आसन ४५ सेंटिमीटरवर आणले, पाय पूर्ण टेकले, पाठ टेकूला लागली. नंतर मी तिला डोळे मिटून बसण्यास सांगितले, दोन्ही कोपरे बरगड्यांजवळ सैल सोडून, दोन्ही तर्जनींची टोके जेथे अत्यंत आरामात एकमेकींना भेटतील तेथे भेटवण्यास सांगितले, आणि मग डोळे उघडविले. ही रीत माझी नव्हे. जपानमध्ये दीर्घकाळ काम केलेले अमेरिकी दंतवैद्य डॅरिल बीच यांनी शरीराच्या स्वतःच्या जाणिवेवरून कामाची जागा ठरवण्याचा जो विचार मांडला, त्यातून ती आलेली आहे. डोळे मिटलेले असताना नजरेचा हव्यास मानेला ओढत नाही, म्हणून हात जेथे थांबतात तेथे शरीराची खरी पसंती कळते. तिची बोटे जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर थांबली, आणि डोळ्यांपासूनचे अंतर ३९ सेंटिमीटर भरले. रुग्णाचे तोंड तेथेच यावयास हवे, तोंडाकडे आपण जावयाचे नाही, हा पुढचा सारा नियम त्या बिंदूतून निघाला.

रुग्णाचे मस्तक त्या बिंदूवर आणणे हे हेडरेस्टचे काम आहे, आणि दुर्दैवाने हेडरेस्ट ही खुर्चीतील सर्वांत कमी वापरली जाणारी वस्तू आहे. वरच्या दाढांचे काम असेल तेव्हा खुर्ची जवळजवळ पूर्ण आडवी करावी, आणि हेडरेस्ट मागे झुकवून हनुवटी इतकी वर घ्यावी की वरच्या दातांचा चावण्याचा पृष्ठभाग जमिनीशी काटकोनात, किंबहुना थोडा मागे कललेला येईल. खालच्या दाढांचे काम असेल तेव्हा खुर्चीचा मागचा भाग वीस-तीस अंश वर उचलावा आणि हनुवटी छातीकडे आणावी. शिवाय रुग्णाला आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर मान वळवण्याची विनंती निःसंकोचपणे करावी, कारण त्याने काही मिनिटे मान वळवणे आणि आपण वर्षानुवर्षे मान पिळणे यांत कोणती गोष्ट न्याय्य आहे हे सांगण्याची गरज नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याने रुग्णाच्या डोक्यामागची बाराची जागा, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर रुग्णाचे मस्तक मध्यभागी व पाय सहाच्या दिशेला कल्पून ठरवलेली जागा, अधिकाधिक वापरावी, आणि दहा, अकरा व बारा या जागांमध्ये दिवसभर फिरत राहावे. माझ्या विद्यार्थिनीच्या उजव्या बाजूच्या दुखण्याचे एक कारण असे होते की, हँडपीसचे तबक उजवीकडे घट्ट लावलेले असल्यामुळे ती नवाच्या जागेवरून हलतच नसे आणि प्रत्येक रुग्णाकडे उजवीकडे कलून पाही.

वरच्या दाढांची टाळूकडील बाजू वाकून थेट पाहण्याऐवजी माउथ मिररमध्ये पाहण्याची सवय ही आसनशिस्तीची सर्वांत अवघड कसोटी आहे. विद्यार्थी आरसा टाळतो, कारण पाण्याच्या फवाऱ्याने तो धूसर होतो आणि प्रतिबिंबात हाताची दिशा उलटते. पहिल्या अडचणीला उपाय आहे : सहायिकेने सक्शन धरावे आणि आरशावर हवेचा बारीक झोत ठेवावा. दुसरी अडचण केवळ सरावाने जाते, आणि तो सराव फँटम हेडवरच झाला पाहिजे, रुग्णावर नव्हे. प्रकाशाविषयी एवढेच पुरे की, त्याचा किरण दृष्टिरेषेशी जितका समांतर, तितकी हाताची सावली कमी. सावली टाळण्यासाठी वाकणारे दंतवैद्य मी पुष्कळ पाहिले आहेत.

एवढे झाल्यावर लूप्सचे माप घेण्याची वेळ आली. येथे एक साधी बेरीज करावी लागते, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावी असे मला वाटते. रुग्णाचे तोंड आपल्या समोर व खाली असते. तिच्या बाबतीत डोळे जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर, तोंड ८२ सेंटिमीटरवर, आणि तोंड डोळ्यांच्या पुढे सुमारे २० सेंटिमीटर होते. म्हणजे दृष्टिरेषा क्षितिजापासून सुमारे ६० अंश खाली उतरे. हे ६० अंश तीन घटकांनी मिळून भरावयाचे असतात : लूप्सची भिंगे चौकटीत जितकी खाली कललेली असतील तो कल, मानेचे वाकणे, आणि नितंबांपासून धडाचे पुढे कलणे. जुन्या लूप्सचा कल सुमारे २० अंशांचा होता. उरलेले ४० अंश मान व धड यांना भरावे लागत, आणि छायाचित्रातील ३० व १० यांचे कोडे तेथेच सुटले. नवी लूप्स अडीचपट विशालनाची, ३९ सेंटिमीटर अंतराची आणि सुमारे ३८ अंश कलाची करवली. बाकी २२ अंश उरले, त्यांपैकी सुमारे १६ मानेने आणि ६ धडाने भरले. हंसराज यांच्या हिशेबाने मानेवरचा भार १८ किलोंवरून जवळजवळ १२ किलोंवर आला.

भिंगांचा कल हवा तितका वाढवता येत नाही, हे येथे सांगणे प्राप्त आहे. कल फार केला तर डोळ्यांना दिवसभर खाली रोखून पाहावे लागते आणि नेत्रस्नायूंना शीण येतो. चौकट नाकावर उंच बसणारी असेल तर भिंग बुबुळाच्या खाली नेण्यास जागाच उरत नाही, म्हणून खाली बसणारी, मोठ्या काचेची चौकट निवडावी. प्रकाशाला लोलकाने वळवून डोळा जवळजवळ समोर ठेवणारी नवी लूप्स आता मिळतात आणि मान फारच थोडी वाकवावी लागते. परंतु त्या जड असतात, भिंगाच्या बाजूने तबकातील उपकरण शोधणे कठीण जाते, आणि आरंभीचे काही दिवस हात व डोळा यांचा मेळ बसत नाही. अधिक विशालनाचा मोहही आवरावा. विशालन वाढले की दिसणारे क्षेत्र व स्पष्टतेची खोली दोन्ही घटतात, आणि दंतवैद्य ते लहान क्षेत्र न हरवण्यासाठी मान ताठ धरून ठेवतो. नवशिक्यास अडीचपट पुरेसे आहे.

तिला आराम पडला, तो एकदम नव्हे. रात्रीची जाग काही आठवड्यांत थांबली. लांब कामानंतर येणारा ताठरपणा राहिला, आणि तो पूर्ण जाईल असे मी तिला सांगितलेही नाही, कारण उत्तम आसनही फार वेळ न हलता धरले तर स्थिर श्रमच आहे. दर वीस मिनिटांनी हात खाली सोडणे, खांदे मागे फिरवणे आणि दूरवर नजर टाकणे हे त्यामुळे चुकत नाही. ज्या वृद्धांची मान कडक झालेली असते, ज्यांना आडवे झाल्यावर श्वास लागतो, किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतील स्त्रिया, यांच्यासाठी खुर्ची आडवी करता येत नाही. अशा वेळी बसण्याचा हट्ट सोडून खुर्ची उंच करावी, उभ्याने काम करावे, आणि काम लहान बैठकींत विभागावे. हातात मुंग्या, बोटांत बधिरपणा किंवा पकड ढिली होणे ही लक्षणे असतील, तर स्टूल व लूप्स यांचा विचार बाजूस ठेवून आधी वैद्यकीय तपासणी करावी.

आता माझी दरखास्त. तिला मोठ्या अर्थसंकल्पीय तरतुदीची गरज नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत पहिला दात कोरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची गुडघ्यामागची उंची मोजावी, डोळे मिटून ठरणारा कामाचा बिंदू व डोळ्यापासूनचे अंतर नोंदवावे, आणि हे तीन आकडे त्याच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. प्रयोगशाळेत व बाह्यरुग्ण विभागात कमी उंचीच्या नळीचे स्टूल काही प्रमाणात तरी असावेत, कारण आपल्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे आणि सर्वसामान्य स्टूल त्यांच्या मापाचा नाही. कृत्रिम जबडा हातात धरून काम करण्याचा प्रघात बंद करून पहिल्या दिवसापासून तो फँटम हेडमध्येच बसवावा, आणि वरच्या दाढांची टाळूकडील बाजू आरशातच पाहावी असा दंडक ठेवावा. तिसऱ्या वर्षी रुग्ण हाताळताना प्रत्येक सत्रात वीस मिनिटांनंतरचे एक बाजूचे छायाचित्र सहाध्यायाने घ्यावे, त्यावर मानेचा कोन काढावा, आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांत त्याचा काही वाटा असावा. शेवटी, विक्रेते आपल्या आवारात लूप्सचे माप घेण्यास येतात तेव्हा ते माप सभागृहातील टेबलाशी न घेता, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्टूलवर, फँटम हेडसमोर, आणि नोंदवहीतील आकड्यांशी ताडूनच घेतले जावे, अशी लेखी अट घालावी.

यांपैकी काहीही अंमलात आणण्यासाठी नियामक संस्थेच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. अधिष्ठाता या नात्याने आपल्या सहीने ते पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच सुरू होऊ शकते. पहिली तुकडी तिसऱ्या वर्षात आल्यावर तिची वीस-मिनिटी छायाचित्रे आधीच्या तुकडीच्या छायाचित्रांशी ताडून पाहिलीत, तर या दरखास्तीचा गुणदोष आपल्याला माझ्या शब्दांवर विश्वास न ठेवताही ठरवता येईल. त्यासाठी यंदाच्या तिसऱ्या वर्षाची छायाचित्रे आताच घेऊन दप्तरी ठेवावीत, एवढी तातडीची विनंती.



आपला नम्र,
एक दंतवैद्य व मानद अध्यापक